रथाची उंची किती?

बहुतेक मंडळांचा मिरवणुकीचा अर्ज ठरावीक असतो. ‘सालाबादप्रमाणे यंदाही आमच्या मंडळातर्फे शोभायात्रा काढण्याचे योजिले आहे, तरी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ खाली अध्यक्षांची सही आणि मंडळाचा शिक्का. अर्जावर आवक क्रमांक पडला, पोच हातात आली की सगळे वर्गणीच्या मागे लागतात. रथ कुठल्या रस्त्याने जाणार, तो किती उंच आहे, किती वाजता कुठल्या चौकात असेल, यातलं काहीच त्या दोन ओळींत नसतं. माणसं दगावतात ती मात्र याच गोष्टींपायी.

आधी एक घोळ मिटवायला हवा. मिरवणुकीची परवानगी नगरपालिका देत नाही, ती पोलीस देतात. ध्वनिक्षेपकाचा परवानाही त्यांचाच. पालिकेच्या ताब्यात असतो तो रस्ता : खड्डे, गटारांवरची झाकणं, वर आलेल्या फांद्या, पथदिवे, स्वागतकमानी, हातगाड्यांची जागा. म्हणजे पालिकेकडे जो अर्ज करायचा, तो खरं तर ‘रस्ता रथ जाण्याजोगा करून द्या’ अशी मागणी असते. नगरपरिषदेत तो मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करतात, महापालिकेत बहुधा प्रभाग कार्यालयात देतात. त्याची एकेक प्रत पोलीस ठाणे, अग्निशमन दल आणि महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यावी आणि प्रत्येक ठिकाणची पोच जपून ठेवावी. यातली महावितरणची प्रत मंडळं हमखास विसरतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते.

तमिळनाडूत तंजावरजवळच्या कळिमेडू गावात २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे मंदिराचा रथ वळणावर वळत असताना वरच्या उच्चदाब तारेला लागला आणि ११ माणसं गेली, त्यांत मुलंही होती. त्या रस्त्याची पातळी नव्या कामामुळे वर आली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत रथ ओढणारी गाडी बंद पडली. पोरांनी रथ हातांनी ढकलत नेला, तो तारेला लागला आणि पाच जणांचा जीव गेला. गाडी बंद पडली तर काय करायचं, हे आधी ठरलेलं नसलं की ऐन वेळी जो तो हात लावतो.

आता आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर आणू. रामनवमीचा रथ, ट्रॅक्टरची ट्रॉली, सहाशे माणसं. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून ४ फूट, त्यावर २ फुटांचा चौथरा, मूर्ती ६ फूट, वर ३ फुटांची मेघडंबरी. झाले १५ फूट. कळस आणि त्यावरचा ध्वज धरला की साडेसतरा. रस्ता ओलांडणारी घरगुती विजेची तार नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान ५.८ मीटर, म्हणजे १९ फुटांवर हवी. उच्चदाबाची तार हवी ६.१ मीटरवर, म्हणजे २० फुटांवर. हिशेबात दीड फूट उरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

तो दीड फूट कसा संपतो, ते पाहा. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, जुना कुणी खरवडत नाही. रस्ता वर येतो, खांब जागच्या जागी राहतात. रामनवमी, हनुमान जयंती, महावीर जयंती हे सगळे उत्सव चैत्रातले. उन्हाने तार तापते, लांबते आणि दोन खांबांच्या मध्ये खाली झोल खाते. त्यात ट्रॉलीवर उभा असलेला एखादा तरुण भारावून आठ फुटी काठीचा झेंडा उंचावतो. तळाचे ४, वर केलेल्या हाताचे ७ आणि काठीचे ८ मिळून बरोबर १९ फूट होतात. अकरा हजार व्होल्टच्या तारेला तर प्रत्यक्ष शिवावंही लागत नाही, फार जवळ गेलं तरी ठिणगी झेप घेते. ओला बांबूही वीज वाहून नेतो. म्हणून ‘बांबूने तार वर धर रे’ ही आपल्या मिरवणुकांतली नेहमीची आरोळी आधी बंद झाली पाहिजे.

तेव्हा अर्जात रथाची उंची लिहायची ती सजावटीसकट, मैदानात उभ्या रथाला टेप लावून. तारेची उंची मात्र आपण मोजायची नाही. टेप किंवा सळई घेऊन तारेपाशी जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. दिवसाउजेडी मार्गावरून चालत जावं, तार आडवी येते तिथल्या खांबांचे क्रमांक टिपावेत आणि ती यादी महावितरणला द्यावी. मोजणं त्यांचं काम. वळणावर जरा थांबून बघावं, कारण तिथे रथ रस्त्याच्या मधून न जाता कडेच्या तारांखाली सरकतो. कळस आणि ध्वजदंड बिजागरीवर बसवला, तर अशा जागी तो आडवा करता येतो. त्यात देवाचा मान कमी होत नाही.

जिथे अंतर पुरेसं नाही, तिथे रथ जाईपर्यंत वीज बंद ठेवायची विनंती करावी लागते. त्यासाठी वेळ सांगावी लागते आणि इथेच आपले अर्ज उघडे पडतात. ‘सायंकाळी ५ वाजता प्रस्थान’ एवढ्याने भागत नाही. ढोल-ताशासह मिरवणूक तासाला जेमतेम एक किलोमीटर सरकते. मार्ग दोन किलोमीटरचा, वाटेत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार थांबे, म्हणजे पाचला निघालेला रथ आठला मंदिरात पोहोचतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचे असतात. खास सवलतीचे काही दिवस सोडले तर यात सूट नाही. म्हणजे हातात दोन तास राहतात. निघायलाच सात वाजले तर शेवटचा चौक घाईत गाठला जातो आणि घाईत वळण चुकतं.

थांबे कुठे घ्यायचे, यालाही हिशेब आहे. सहाशे माणसं चारच्या ओळींनी निघाली, दोन ओळींत दीड मीटर ठेवलं, तर रांग सव्वादोनशे मीटर लांब होते. त्या गतीने ती एका चौकातून जायला तेरा-चौदा मिनिटं घेते. त्याच चौकात ढोलपथकाने पंधरा मिनिटांचा खेळ केला, की रुग्णवाहिकेची वाट अर्धा तास बंद. थांबा चौकाच्या अलीकडे, रुंद जागी घ्यावा आणि तसा तो अर्जासोबतच्या नकाशावर दाखवावा. पालिकेलाही मग कुठली हातगाडी कधी हलवायची, कुठलं झाकण आधी बसवायचं, ते नेमकं कळतं.

मिरवणूक लांबली की वीज बंद ठेवण्याची ठरलेली वेळही टळते. साडेसहा ते सात वीज बंद राहणार असं पत्र मिळालेलं असतं, रथ येतो सव्वासातला. रथावरच्या कुणालाच ते ठाऊक नसतं. म्हणून अशा प्रत्येक जागी मंडळाचा एक माणूस नेमावा, त्याचं नाव नि मोबाइल अर्जातच लिहावा. त्याने खांबापाशी वायरमनसोबत थांबायचं. रथ पन्नास पावलं अलीकडे उभा करायचा. वायरमनने ‘लाइन बंद आहे’ असं तोंडी सांगितल्याशिवाय ट्रॅक्टर पुढे घ्यायचा नाही, मग मागून कितीही जयघोष होवो. रथ पूर्ण पलीकडे गेला, ट्रॉलीवरची सगळी माणसं खाली बसलेली आहेत, हे पाहूनच त्याने वायरमनला वीज सुरू करायला सांगायचं.