मधल्या नोडला त्याच्या वेळी येऊ द्या

जावा ही प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांना `TreeMap` चांगलाच परिचयाचा असतो. नोंदी चढत्या क्रमाने लावून ठेवायच्या आणि हवी ती चटकन शोधून द्यायची, हे त्याचं काम. त्याच्या आतल्या कोडमध्ये `buildFromSorted` नावाचं एक फंक्शन आहे. आधीच क्रमाने लावलेल्या नोंदी एकामागून एक हातात येत असतील, तर त्यांचं समतोल झाड ते एका फेरीत उभं करतं. सगळ्या नोंदी आधी एखाद्या अ‍ॅरेत उतरवून घ्याव्या लागत नाहीत, आणि दोन नोंदींची तुलनाही एकदासुद्धा होत नाही. हे कसं जमतं, ते सहा संख्यांवर पूर्ण करून पाहता येतं.

१२, १७, २१, २६, ३४, ४०. या सहा संख्या एका लिंक्ड लिस्टमध्ये आहेत असं समजू. खजिना शोधण्याच्या खेळात प्रत्येक चिठ्ठीवर फक्त पुढची चिठ्ठी कुठे ठेवली आहे ते लिहिलेलं असतं, तशीच ही यादी असते. प्रत्येक नोडमध्ये एक संख्या आणि पुढच्या नोडचा पत्ता. मागे जायची वाट नाही, आणि चौथी संख्या हवी असेल तर पहिल्या तिघांवरून चालत जावंच लागतं. अ‍ॅरेत मात्र चौथा खण थेट उघडता येतो.

या यादीचं सर्च ट्री करायचं आहे. अशा झाडात प्रत्येक नोडला जास्तीत जास्त दोन फांद्या असतात. डावीकडे त्याच्यापेक्षा लहान संख्या, उजवीकडे मोठ्या. शोधणारा सर्वांत वरच्या नोडपासून, म्हणजे रूटपासून, निघतो आणि प्रत्येक पायरीवर एक बाजू सोडून देतो. झाड समतोल असेल तर दहा लाख नोंदींसाठी वीस पातळ्या पुरतात. समतोल म्हणजे काय, याची इथे लागणारी व्याख्या सोव्हिएत गणिती अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ साली मांडली: कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या भागाच्या उंचीत एकापेक्षा जास्त पातळीचा फरक नको.

क्रमाने लावलेल्या संख्या साध्या सर्च ट्रीमध्ये एकेक करून घालत गेलं, तर प्रत्येक नवी संख्या आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी असल्याने ती उजवीकडेच जाते. झाडाची पुन्हा एक लांबलचक साखळी होते. दहा लाख नोंदींची अशी साखळी बांधताना सुमारे ५० हजार कोटी तुलना होतात, आणि शेवटी मिळतं ते झाड नावापुरतंच.

म्हणून बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते असं: मधली संख्या शोधायची, तिला रूट करायचं, आणि डाव्या-उजव्या अर्ध्यांवर हेच पुन्हा करायचं. कल्पना बरोबर आहे. अ‍ॅरे असेल तर ती वेगाने चालतेही, कारण मधला खण लगेच सापडतो. लिंक्ड लिस्टमध्ये मात्र मधल्या नोडपर्यंत चालावं लागतं. त्यासाठी दोन पॉइंटर सोडतात. एक एकेक पाऊल टाकतो, दुसरा दोन-दोन. दुसरा टोकाला पोचला की पहिला मध्यावर असतो. ही युक्ती सुरेख आहे, पण प्रत्येक पातळीवर यादीचे सगळे तुकडे पुन्हा चालून जावे लागतात. दहा लाख नोंदींना वीस पातळ्या असल्याने हळू पॉइंटरचीच जवळपास एक कोटी पावलं होतात. उत्तर चुकत नाही, फक्त तेच नोड पुन्हा पुन्हा ओलांडले जातात.

खरी अडचण दिशेची आहे. झाड वरून खाली बांधायला घेतलं की सर्वांत आधी मधली संख्या लागते, आणि यादी तर सर्वांत लहान संख्या आधी देते. मग बांधणीचा क्रमच यादीच्या क्रमाशी जुळवून घ्यायचा. सर्च ट्रीमधून संख्या चढत्या क्रमाने वाचताना आधी डावी बाजू पूर्ण वाचतात, मग मधला नोड, मग उजवी बाजू. बांधतानाही हाच क्रम पाळला, तर प्रत्येक नोडची पाळी येते तेव्हा यादीच्या तोंडाशी नेमका तोच नोड उभा असतो. त्याला शोधायला कुठे जावं लागत नाही.

यासाठी एकच गोष्ट आधी माहीत हवी: एकूण नोड किती. त्यासाठी यादी एकदा चालून मोजायची. पुढचं काम पायथन भाषेत एवढंच आहे:

```python
def build(n):
    global head
    if n == 0:
        return None
    left = build(n // 2)
    root = head
    head = head.next
    root.left = left
    root.right = build(n - n // 2 - 1)
    return root
```

`head` हा यादीच्या तोंडाशी असलेला नोड. `build(6)` म्हटलं की फंक्शन स्वतःशी हिशेब करतं: डावीकडे तीन, मध्ये एक, उजवीकडे दोन. मधला कोण हे त्याला अजून ठाऊक नाही. ते आधी डावीकडचे तीन बांधायला घेतं. त्या तिघांची विभागणी एक, एक, एक. त्यातला डावीकडचा एक बांधताना त्याच्याही डावीकडे शून्य नोड उरतात, म्हणजे तिथे काहीच बांधायचं नाही. आता पहिल्यांदा यादीला हात लागतो. तोंडाशी १२ आहे. तो उचलला जातो, `head` १७ वर सरकतो. १२ च्या उजवीकडेही शून्य, म्हणून १२ हे पान झालं.

एक पातळी वर आल्यावर तिघांतल्या मधल्याची पाळी, आणि तोंडाशी १७ आहे. तो उचलला, त्याच्या डावीकडे १२ जोडला, उजवीकडे २१ बसला. तिघांचं झाड पूर्ण झालं आणि `head` २६ वर आहे. सुरुवातीला नाव न घेता राखून ठेवलेली रूटची जागा २६ चीच होती. उरलेल्या दोघांत डावीकडे एक, म्हणून ३४ पान होतो आणि ४० त्याच्या डोक्यावर बसतो. झाड असं तयार होतं:

```
        26
       /  \
     17    40
    /  \   /
  12   21 34
```

सहा नोड, तीन पातळ्या. प्रत्येक ठिकाणी डाव्या आणि उजव्या भागातल्या नोडांच्या संख्येत जास्तीत जास्त एकाचा फरक पडतो, त्यामुळे उंचीतला फरकही एकाच्या पुढे जात नाही. मोजणीच्या वेळी प्रत्येक नोड एकदा ओलांडला गेला आणि बांधणीच्या वेळी एकदा उचलला गेला. जास्तीची जागा लागली ती फक्त अर्धवट राहिलेली कामं लक्षात ठेवायला, आणि ती झाडाच्या उंचीएवढीच असते. दहा लाखांच्या यादीसाठीही एका वेळी विशीच्या आसपास कामं अर्धवट असतात. अ‍ॅरेत उतरवायचं तर दहा लाख पत्त्यांची जागा वेगळी काढावी लागली असती.

या कोडमध्ये हमखास होणारी चूक `head` संबंधीची आहे. तो सगळ्या फंक्शन-कॉल्सचा मिळून एकच असायला हवा. एखाद्याने तो साधा पॅरामीटर म्हणून पाठवला, तर डावी बाजू बांधताना झालेली त्याची प्रगती परत येताना हरवते, आणि रूट पुन्हा जुन्याच जागेवरून उचलला जातो. कोड कुरकूर न करता चालतो, नोडही बरोबर सहा वेळाच उचलले जातात. पण उचललेले नोड क्रमाने छापले की पडद्यावर येतं: १२, १२, १७, १२, १७, १७. १२ हा नोड स्वतःचीच डावी फांदी होऊन बसतो, आणि झाड वाचायला गेलं की वाचन संपतच नाही. म्हणून नुसती संख्या मोजून तपासणी पुरी होत नाही; झाड क्रमाने वाचून मूळ यादीशी ताडून पाहावं लागतं. त्यासाठी मूळ क्रम वेगळा राखलेला असावा.

दुसरी चूक जागा वाचवायच्या नादात होते. काही जण नोडमध्ये तिसरा पॉइंटर न ठेवता `next` ची जागाच उजव्या फांदीसाठी वापरतात. तसं करायला हरकत नाही, मात्र `head` पुढे सरकवल्यानंतरच. आधी उजवी फांदी लिहिली तर पुढच्या नोडचा पत्ता पुसला जातो आणि उरलेली यादी हाताबाहेर जाते.

तुलना एकही होत नाही, हे या पद्धतीचं बळ आहे आणि मर्यादाही. यादी मुळातच क्रमाने नसेल, तर फंक्शनला ते कळायला मार्ग नाही. आकाराने निर्दोष, पण शोधायला निरुपयोगी असं झाड ते बांधून देईल. जावाच्या `TreeMap` मध्ये याची काळजी घेतलेली दिसते. एका क्रमबद्ध संग्रहातल्या नोंदी `putAll` ने दुसऱ्यात टाकताना ही जलद वाट तेव्हाच घेतली जाते, जेव्हा नवा संग्रह रिकामा असतो आणि दोघांचा क्रम लावायचा नियम एकच असतो. एरवी नोंदी एकेक करून घातल्या जातात.

जावाचं फंक्शन तपशिलात थोडं वेगळं आहे. जास्तीचा नोड ते उजवीकडे ठेवतं, म्हणून आपल्या सहा संख्यांचं रूट तिथे २१ होईल. शिवाय ते झाड रेड-ब्लॅक प्रकारचं असल्याने प्रत्येक नोडला रंग द्यावा लागतो. त्यासाठी नियम अगदी सोपा ठेवला आहे: सर्वांत खालची पातळी पूर्ण भरलेली नसेल तर तिच्यातले नोड लाल, बाकी सगळे काळे. किती नोड आहेत हे आधीच माहीत असल्याने ती पातळी कितवी, हे बांधणी सुरू व्हायच्या आतच काढता येतं.

फाइलमध्ये साठवलेला `TreeMap` परत वाचतानाही हेच फंक्शन धावतं, आणि तिथे तर यादीसुद्धा नसते. नोंदी वाचल्या की पुढे निघून जातात, मोजण्यासाठी दुसरी फेरी मारायची सोय नाही. म्हणून साठवतानाच नोंदींची संख्या आधी लिहिली जाते आणि नोंदी चढत्या क्रमाने तिच्यामागून येतात. ती संख्या वाचली की बांधणी सुरू करता येते.

अर्धवट कामांची तेवढी जागाही नको असेल, तर क्वेंटिन स्टाउट आणि बेट वॉरन यांनी १९८६ साली, कॉलिन डे यांच्या १९७६ मधल्या कामावरून पुढे नेलेली पद्धत आहे. तिच्यात साखळी हेच उजवीकडे कललेलं झाड मानतात आणि ठरावीक नोड डावीकडे फिरवत, फेरीगणिक तिची लांबी साधारण निम्म्यावर आणतात. फंक्शनने स्वतःला हाक मारायची गरज तिथे उरत नाही. दोन-चार पॉइंटर पुरतात, वेळही नोडांच्या संख्येच्या प्रमाणातच लागतो. मात्र नोडांची संख्या आधी माहीत असावी लागते, ही अट तिथेही कायम आहे.