राउटर दुसऱ्याचा, गेम सर्व्हर आपला

पुण्यातल्या हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीला स्वतःच्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा आहे आणि नागपूरच्या मैत्रिणींना त्यात खेळायला बोलवायचं आहे, असं धरू. स्वतःचं घर असतं तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 25565 हा पोर्ट लॅपटॉपकडे वळवला की काम झालं असतं. हॉस्टेलचा राउटर मात्र वॉर्डनच्या कुलपात. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलं तर बहुतेक वेळा कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलेला असतो. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर हीच वाटणी चालू आहे असं समजावं. मग राउटरचा पासवर्ड मिळूनही उपयोग नाही.

या अडचणीतून सुटका होते, कारण बाहेरून आत येणारी वाट बंद असली तरी आतून बाहेर जाणारी उघडी असते. लॅपटॉपवरचा एक छोटा प्रोग्रॅम बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करतो आणि ती उघडी ठेवतो. मैत्रिणी त्या मधल्या सर्व्हरच्या पत्त्यावर येतात आणि तो त्यांची माहिती उघड्या जोडणीतून लॅपटॉपकडे पाठवतो. playit.gg आणि एनग्रॉक या सेवा हेच काम तयार स्वरूपात देतात. फक्त एनग्रॉकवर यूडीपी चालत नाही, त्यामुळे माइनक्राफ्टच्या मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीसाठी ती निरुपयोगी.

खरा प्रश्न आहे तो मधला सर्व्हर कुठे आहे, हा. समजा, तो जर्मनीत फ्रँकफर्टला आहे. पुण्याहून ते अंतर सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 65 मिलिसेकंद लागतात. नागपूरच्या मुलीने एक ठोकळा फोडला की तो संदेश नागपूरहून फ्रँकफर्टला, तिथून पुण्याला आणि उत्तर त्याच वाटेने उलटं. हा हिशेब 130 मिलिसेकंदांच्या आसपास जातो, तोही आदर्श. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग 200 च्या पुढे जाणं साहजिक. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदात 20 टिक चालवतो, म्हणजे एक टिक 50 मिलिसेकंदांचा. खेळणारी चार-पाच टिक मागे राहते. घर बांधताना ते चालून जातं, पण तलवारबाजीत वार हुकतात.

तोच सर्व्हर मुंबईत असेल तर नागपूर-मुंबई आणि मुंबई-पुणे या दोन टप्प्यांची आदर्श बेरीज 10 मिलिसेकंदांच्या आत येते. प्रत्यक्षात ती काही पट वाढली तरी खेळ हाताला लागतो. म्हणून मधला सर्व्हर यजमानाच्या जवळचा निवडावा. पुण्याकडचा टप्पा प्रत्येकीच्या वाटेत असतो, तो छोटा झाला की सगळ्यांनाच फायदा. यजमान मुलीने स्वतः मात्र `localhost` हा पत्ता टाकून खेळावं. नाहीतर शेजारच्या टेबलाइतक्या अंतरासाठी तिचा संदेशही वळसा घालून येईल.

यासाठी मुंबईतला व्हीपीएस भाड्याने घेऊन त्यावर `frp` हा मोफत प्रोग्रॅम चालवता येतो. लॅपटॉपकडची सेटिंग एवढीच (पत्ता नमुन्याचा):

```
serverAddr = "203.0.113.10"
serverPort = 7000
auth.token = "तुमचा-गुप्त-शब्द"
transport.tcpMux = false

[[proxies]]
name = "mc"
type = "tcp"
localIP = "127.0.0.1"
localPort = 25565
remotePort = 25565
```

`tcpMux` ची ओळ दोन्हीकडच्या फाइलींत हवी. ती नसेल तर `frp` सगळ्या खेळाडूंची माहिती एकाच टीसीपी जोडणीतून नेतो. हॉस्टेलच्या वायफायवर एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं अडतं आणि सगळ्याजणी एकदम थबकतात. ही सोय बंद केली की प्रत्येकीची जोडणी वेगळी राहते.

तरीही खेळ अडखळला तर दोष कुठे आहे ते पाहावं. पेपर हा सर्व्हर वापरत असाल तर `/tps` टाइप करा. आकडा 20 च्या बराच खाली असेल तर लॅपटॉपच दमला आहे, टनेल बदलून उपयोग नाही. आकडा 20 असून फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसत असेल, तर दोष वाटेचा.

आणखी एक खोच आहे. टनेलमधून आलेल्या सगळ्या मुली सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात. त्रास देणाऱ्या एकीला `/ban-ip` लावलं तर बाकीच्याही बाहेर फेकल्या जातात. म्हणून बंदी नावावर घालावी, आणि पत्ता जगाला उघडा झालेला असल्यामुळे `/whitelist on` पहिल्या दिवसापासून ठेवावं.