निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे
(शेतकी विभागाकडून)



शेतकी विभागाच्या पानावर आम्ही एरवी लागण, खत आणि पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. सन २०२३ च्या जानेवारीत आमच्याच विभागातील एका चिटबॉयला चौकशी होईपर्यंत निलंबित केले होते. त्या वेळी गट कार्यालयात सभासदांनी आम्हांस दोन प्रश्न वारंवार विचारले. "चोरी केली म्हणता, तर काढून का टाकत नाही?" हा एक आणि "घरी बसवून त्याला निम्मा पगार कशाचा देता? तो पैसा आमच्या उसाचाच ना?" हा दुसरा. पैसा सभासदांचाच, तेव्हा प्रश्न रास्तच आहेत. त्यांचे उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

प्रकरण असे होते. गटातील काही सभासदांचा पूर्वहंगामी ऊस प्रत्यक्षात नोव्हेंबरात लावलेला, पण नोंद रजिस्टरात तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याची. तोड लागणीच्या तारखेच्या क्रमाने येते. त्यामुळे ज्यांचा ऊस खरोखर आधीचा, ते मागे राहिले. चिटबॉयने पैसे घेऊन तारखा मागे ओढल्या, अशी लेखी तक्रार आली.

आता चौकशी करायची तर साक्षीदार कोण? मागे राहिलेले सभासद. आणि त्यांच्या तोडीची चिठ्ठी कोणाच्या हातात? त्याच चिटबॉयच्या. ऊस रानात उभा असताना त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? शिवाय ज्या रजिस्टरात खाडाखोड झाल्याची तक्रार, ते रजिस्टरही त्याच्याच पिशवीत. कागद शाबूत राहावा आणि साक्षीदाराला मोकळेपणाने बोलता यावे, एवढ्यासाठीच माणसाला कामावरून बाजूला ठेवायचे असते. निलंबनाचे कारण ते इतकेच.

म्हणून निलंबनाच्या पत्रात "हे निलंबन चौकशी पूर्ण होईपर्यंत असून ही शिक्षा नाही" असे वाक्य असते. ते नुसते औपचारिक नव्हे. स्थायी आदेशांत निलंबन हा शब्द दोन अर्थांनी येतो. गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षा म्हणून चार दिवसांपर्यंत बिनपगारी निलंबन करता येते, ते एक. चौकशीपुरते बाजूला ठेवणे, ते दुसरे. दुसऱ्या प्रकारात अजून काहीच शाबीत झालेले नसते. नोकरी तुटलेली नसते, फक्त काम थांबवलेले असते. मालक-नोकर हे नाते चालू, म्हणून माणसाला दुसरीकडे नोकरी धरता येत नाही. दुसरीकडे कमवायचे नाही आणि इथेही काही मिळायचे नाही, असे झाले तर चौकशीआधीच घरादाराला शिक्षा झाली. म्हणून या काळात जे द्यायचे त्याला पगार न म्हणता निर्वाह भत्ता म्हणतात.

हा भत्ता देणे कारखान्याच्या मर्जीवर नाही. सन १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात १९८२ साली दुरुस्ती होऊन कलम १०-अ आले. त्यात पहिल्या ९० दिवसांना वेतनाच्या निम्मा आणि त्यापुढे पाऊण, असे प्रमाण ठरले. पाऊण केव्हा? तर विलंब कामगाराच्या वागण्यामुळे झालेला नसेल तेव्हा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच प्रमाण कायम ठेवले आहे आणि चौकशी साधारणपणे ९० दिवसांत पुरी करावी असे म्हटले आहे. एखाद्या ठिकाणच्या नियमांत यापेक्षा जास्त दर असेल, तर कामगाराला तो जास्त दर मिळतो.

आमच्या प्रकरणाचा हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सरळ केले आहेत. वेतन महिना २४,००० रुपये, म्हणजे रोजचे ८०० धरू. पत्र ५ जानेवारीचे. त्या दिवसापासून ९० दिवस ४ एप्रिलला भरले. या काळात रोज ४०० प्रमाणे ३६,००० रुपये झाले. चौकशी १० मेपर्यंत लांबली. ५ एप्रिलपासूनच्या ३६ दिवसांना रोज ६०० प्रमाणे २१,६०० रुपये. एकूण दिले ५७,६०० रुपये. कामावर असता तर १२६ दिवसांचे १,००,८०० मिळाले असते. फरक ४३,२०० रुपयांचा.

या फरकाचे काय, ते अंतिम आदेशात स्पष्ट लिहावे लागते. निर्दोष ठरला तर निलंबनाचा काळ कामाचा धरून फरक द्यायचा. बडतर्फ झाला तर फरक मिळत नाही, पण दिलेला भत्ताही परत मागता येत नाही.

यातून सभासदांनी एक ध्यानात घ्यावे. भत्ता वाढतो तो चौकशी रेंगाळल्यामुळे. साक्षीदार तारखेला आला नाही, चौकशी पुढे गेली, की तो खर्च आपल्याच खात्यात पडतो. आमच्या प्रकरणात दोन तारखा अशाच गेल्या. गावात पारावर सगळे बोलत होते, पण चौकशी अधिकाऱ्यापुढे यायला कोणी तयार नव्हते.

"भत्ताच देऊ नका, म्हणजे येईल ताळ्यावर," असेही काहीजण म्हणाले. त्याने कारखान्याचेच नुकसान होते. एका प्रकरणात कामगाराला भत्ता दिला नव्हता, पैशाअभावी तो दूरच्या चौकशीला हजर राहू शकला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ती चौकशीच रद्द ठरवली. म्हणजे दोषी माणूसही कारखान्याच्या चुकीने सुटू शकतो.

आणखी एक तक्रार आली की, "तो घरच्या उसाला पाणी पाजतो, मग भत्ता कसा?" अट आहे ती दुसरीकडे नोकरी न करण्याची. तसे त्याच्याकडून दर महिन्यास लिहून घेतले जात होते. घरच्या रानात पाणी धरणे म्हणजे नोकरी नव्हे.

शेवटी तिघे सभासद साक्षीला आले आणि नोंदीचे मूळ फॉर्म काढले. बहुतेक फॉर्मवर मागची तारीख खुद्द ऊसमालकानेच सांगितलेली, खाली त्याची सही. चिटबॉयने रानात न जाता ती तशीच उतरवून घेतली होती. पैसे घेतल्याचा आरोप शाबीत झाला नाही. निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि मुख्य आरोप टिकला नाही, सबब फरक देण्याचा आदेश झाला.

तो कामावर आला, पण चार महिने गावात त्याला चोर म्हणूनच वागवले गेले. त्याच्या धाकट्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक याच बोलण्यावरून मोडली. तो फरक कोणत्या आदेशाने भरून द्यायचा, हे आम्हांस ठाऊक नाही. पत्रातले ते एक वाक्य गावाने वाचले असते, तर कदाचित ही वेळ आली नसती. यापुढे कोणाच्या निलंबनाची बातमी कानी आली, तर निकाल लागेपर्यंत थांबावे. माहिती असेल तर पारावर न सांगता चौकशीत येऊन सांगावी. आणि नोंदीच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी लागणीची तारीख खरी आहे ना, ते स्वतः पाहावे.



— ऊस विकास अधिकारी