बंद गाडीमागचे शंभर मीटर

ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर पुढे जाते. समोर काहीतरी उभे आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे सुमारे 42 मीटर गेलेले असतात. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 55 मीटर तरी लागतात. पावसात किंवा भरलेल्या ट्रकला याहून बरेच जास्त. म्हणून महामार्गावर बंद पडलेल्या गाडीची खबर मागच्याला किमान 100 मीटर आधी मिळायला हवी.

समजा, रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमध्ये असताना इंजिनाचे तापमान वाढू लागले. एकदम ब्रेक मारू नका. डावा इंडिकेटर द्या, ॲक्सिलरेटर सोडा, आरसा पाहत डावीकडे सरका. बऱ्याच गाड्यांत हॅझर्ड लाइट लावले की डाव्या-उजव्याचा इशारा कळत नाही, म्हणून ते कडेच्या पट्टीवर पोहोचल्यावर लावा. इंजिन मध्येच बंद पडले, तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक जोरात दाबावा लागतो. गाडी चालती असताना किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

पांढऱ्या रेषेपासून जितके डावीकडे जाता येईल तितके जाऊन थांबा. हँडब्रेक ओढा, पार्किंग लाइट चालू ठेवा. सगळ्यांना डाव्या दारानेच उतरवा आणि कठड्यापलीकडे न्या. गाडीत बसून राहू नये आणि तिच्या पुढेही उभे राहू नये, कारण मागून धडक बसली तर ती पुढेच ढकलली जाते.

नुसते हॅझर्ड लाइट पुरेसे नाहीत. घाटात हळू चढणारे ट्रकही ते लावून चालतात, त्यामुळे लुकलुकणारी गाडी उभी आहे की चालती, हे लांबून ओळखता येत नाही. बॅटरी उतरली तर तेही मंदावतात. परावर्तक त्रिकोणाला वीज लागत नाही. हेडलाइटचा प्रकाश तो आल्या वाटेने परत पाठवतो, म्हणून चालकाला दुरूनच दिसतो. झाडाच्या फांदीला हा गुण नाही. रस्त्यावर ठेवलेले दगड तर मागे राहून दुसऱ्याचा घात करतात.

त्रिकोण उघडून छातीसमोर, येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला धरा. कठड्यापलीकडून मागे साधारण 130 पावले चाला आणि तो कडेच्या पट्टीवर ठेवा. वळण किंवा चढाचा माथा असेल, तर त्रिकोण त्याच्याही अलीकडे हवा. वळणापलीकडचा त्रिकोण मागच्याला उशिराच दिसणार. पाय नीट पसरले नाहीत, तर ट्रकच्या वाऱ्याने तो आडवा पडतो.

कठड्यापलीकडे जागा नसेल, धुके किंवा मुसळधार पाऊस असेल, तर त्रिकोण ठेवायला जाऊ नका. सुरक्षित जागी उभे राहून 112 वर फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वर, आणि जवळच्या पाटीवरचा किलोमीटर सांगा. आणि आजच डिकी उघडून त्रिकोण आहे का ते पाहा, एकदा उभा करून बघा.