नेटमधले चेंडूही मोजा

उजव्या हाताच्या तरुण वेगवान गोलंदाजाची कंबर दुखते ती बहुधा डावीकडे. चेंडू सोडताना पाठ मागे वाकते, बाजूला कलते आणि वळते; तेव्हा खालच्या मणक्याच्या मागच्या हाडावर ताण येऊन बारीक तडा जाऊ शकतो.

समजा, पंधरा वर्षांचा मुलगा परीक्षेच्या काळात आठवड्याला 60 चेंडू टाकत होता. सुट्टीच्या शिबिरात ते एकदम 180 झाले. स्नायू हा भार पेलतात, पण वाढत्या वयातलं हाड इतक्या लवकर घट्ट होत नाही. म्हणून 60 वरून 75, मग 90 असं हळूहळू वाढवावं. नेट, शाळा आणि क्लबचे चेंडू एकाच वहीत लिहावेत, सलग तीन दिवस गोलंदाजी टाळावी.

आठवड्यातून दोनदा साइड प्लँक, एका पायावरचे स्क्वॉट आणि नितंबांचे व्यायाम करावेत. मात्र ताकद वाढली म्हणून विश्रांती टळत नाही.

मागे वाकताना एकाच बाजूला दुखलं, तर गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची इजा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. वेळीच थांबलात तर काही आठवडे जातात. तडा पूर्ण गेला तर अनेक महिने.