काटा सारख्या अंतराने का सरकतो?

शाळेच्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेला एक अमीटर मी जपून ठेवला आहे. त्याची तबकडी पाहा. शून्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळ्या खुणा अगदी सारख्या अंतरावर आहेत. प्रवाह दुप्पट झाला की काटाही बरोबर दुप्पट सरकतो. हे आपोआप घडत नाही, त्यासाठी चुंबकाला मुद्दाम आकार द्यावा लागला आहे.

काच काढली की आत नालेसारखा चुंबक दिसतो. त्याच्या दोन तोंडांमध्ये केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचं चौकोनी वेटोळं उभं आहे. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून वीज गेली की तारेला आडवा धक्का बसतो. वेटोळ्याच्या एका उभ्या बाजूत वीज वर जाते, दुसरीत खाली येते, म्हणून एक बाजू पुढे ढकलली जाते आणि दुसरी मागे. पाण्याचा नळ फिरवताना आपण अंगठा एकीकडे आणि बोट दुसरीकडे दाबतो ना, तसंच. या वळवणाऱ्या जोरालाच टॉर्क म्हणतात.

हा जोर असतो तरी किती? समजा वेटोळ्याचे फेरे 50 आहेत, उभी बाजू 2 सेंटिमीटर, रुंदी दीड सेंटिमीटर, चुंबकाचं क्षेत्र 0.2 टेस्ला आणि प्रवाह फक्त 1 मिलिअँपिअर. गणित केलं तर प्रत्येक बाजूवरचा धक्का साधारण 20 मिलिग्रॅम वजनाइतका येतो. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याएवढा! एवढ्याशा जोरावर काटा हलवायचा, म्हणून वेटोळं रत्नाच्या खड्यात बसवलेल्या टोकदार आसावर तोललेलं असतं.

आता अडचण पाहा. चुंबकाची तोंडं सपाट असती तर धक्क्याची दिशा कायम एकच राहिली असती. वेटोळं वळत गेलं की धक्का तिरका लागू लागतो. सुरुवातीच्या स्थितीपासून 60 अंश वळल्यावर त्याच प्रवाहाचा टॉर्क निम्मा होतो आणि 90 अंशांवर शून्य. अशा मीटरवर शेवटच्या खुणा एकमेकींना खेटून बसल्या असत्या आणि वाचताना डोळ्यांची परीक्षा झाली असती.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. चुंबकाची तोंडं आतून गोलाकार कोरली आहेत आणि वेटोळ्याच्या पोटात नरम लोखंडाचा एक दंडगोल पक्का बसवला आहे. वेटोळं त्याच्याभोवती फिरतं, दंडगोल मात्र हलत नाही. मधल्या अरुंद फटीत चुंबकीय रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या होतात. वेटोळं कुठेही वळलं तरी धक्का त्याला काटकोनातच बसतो, टॉर्क घटत नाही.

मग काटा थांबतो कशामुळे? आसाच्या दोन टोकांना घड्याळातल्यासारख्या बारीक गोल स्प्रिंगा आहेत. वेटोळं जितकं वळेल तितक्या त्या उलट ओढतात. जिथे दोन्ही जोर सारखे होतात तिथे काटा टेकतो. अर्धा प्रवाह, अर्धा टॉर्क, म्हणून वळणही अर्धंच. वेटोळ्यात वीज आत-बाहेर नेण्याचं कामही याच स्प्रिंगा करतात. फ्रान्समध्ये दार्सॉन्व्हाल आणि देप्रे यांनी 1882 मध्ये या जातीचं उपकरण मांडलं. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी 1888 मध्ये स्प्रिंगा बसवून ते हातात घेऊन फिरण्याजोगं केलं.

त्या दाण्याएवढ्या जोराच्या मीटरने मोठा प्रवाह कसा मोजायचा? वेटोळ्याचा रोध 100 ओहम धरा. 1 अँपिअर मोजायचा तर त्याला समांतर साधारण 0.1 ओहमची जाड पट्टी जोडतात. जवळजवळ सगळा प्रवाह तिच्यातून जातो, वेटोळ्याच्या वाट्याला हजारातला एकच भाग येतो. 10 व्होल्ट मोजायचे असतील तर उलट करायचं, 9,900 ओहमचा रोध एकसर जोडायचा. घरातली 50 हर्ट्झची वीज मात्र याला थेट दाखवून उपयोग नाही. दिशा इतक्या भराभर उलटते की काटा शून्यापाशीच थरथरतो.

बिघाड ओळखायची खूणही सांगतो. काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारा. काटा पुढे उडी घेऊन थांबला तर फटीत लोखंडाचा कीस अडकला असावा किंवा आसाचं टोक झिजलं असावं. कोरड्या फडक्याने काच पुसल्यावर काटा भलतीकडे गेला, तर तो दोष काचेवरच्या स्थिर विजेचा. काचेवर फुंकर मारून वाफ धरली की काटा जागेवर येतो.

असा संवेदनशील मीटर प्रवासाला नेताना त्याच्या दोन्ही खुंट्या तारेच्या तुकड्याने जोडून ठेवाव्यात. हादऱ्याने वेटोळं हललं की त्यात वीज निर्माण होते, ती त्या तारेतून फिरते आणि तिचाच टॉर्क वेटोळ्याला मागे खेचतो. हातात धरून हलवून पाहा. खुंट्या मोकळ्या असताना काटा सैरावैरा झुलतो, तार जोडली की मधात बुडवल्यासारखा संथ होतो.