रूल काढला, पण पोर्ट बंद झाला का?

दुकानातले कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून डीव्हीआर बसवणारा राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’चा रूल टाकून जातो. म्हणजे इंटरनेटवरून ८००० क्रमांकाच्या पोर्टवर येणारा प्रत्येक जण थेट डीव्हीआरपर्यंत पोहोचतो. पुढे मालक तो रूल काढून टाकतो. पण राउटरच्या पानावर रूल दिसत नाही, एवढ्यावरून पोर्ट बंद झाला असं म्हणता येत नाही. ते बाहेरूनच तपासावं लागतं.

त्यासाठी अमेरिकेतल्या स्टीव्ह गिब्सन यांच्या कंपनीची ShieldsUP! ही मोफत वेबसेवा आहे. ज्या कनेक्शनवरून आपण ती उघडतो, त्याच कनेक्शनचे पोर्ट ती बाहेरून ठोठावते. उत्तर तीन प्रकारचं मिळतं. Open म्हणजे आत कुणीतरी जोडणी स्वीकारतंय. Closed म्हणजे नकार आला. Stealth म्हणजे काहीच उत्तर आलं नाही. Closed दिसलं तरी घाबरू नये, कारण तिथून आत शिरता येत नाही.

तपासणीआधी व्हीपीएन बंद करावं, नाहीतर भलत्याच सर्व्हरची तपासणी होईल. मग राउटरच्या स्टेटस पानावरचा WAN IP आणि वेबसाइटवर दिसणारा पत्ता एकच आहे का, ते पाहावं. राउटरवरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. अशा वेळी तपासणी कंपनीच्या यंत्राची होते, आपल्या राउटरची नाही.

आता डीव्हीआरकडे वळू. All Service Ports ही चाचणी फक्त ० ते १०५५ हेच पोर्ट पाहते. ती सगळी हिरवी आली, तरी ८००० बद्दल काहीच कळत नाही. म्हणून User Specified Custom Port Probe मध्ये 8000 लिहून वेगळी चाचणी घ्यावी. त्या वेळी डीव्हीआर चालूच ठेवावा. तो बंद असेल, तर रूल शिल्लक असूनही पोर्ट उघडा दिसणार नाही.

रूल काढूनही Open आलं, तर पहिला संशय यूपीएनपीवर घ्यावा. या सोयीमुळे डीव्हीआर स्वतःच राउटरकडून पोर्ट उघडून घेतो आणि तो फॉरवर्डिंगच्या यादीत बऱ्याचदा दिसतही नाही. राउटर आणि डीव्हीआर दोन्हींत यूपीएनपी बंद करावं, राउटर रीस्टार्ट करावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

या चाचण्या टीसीपी पोर्टच्या आणि आयपीव्ही४ पत्त्याच्या आहेत. यूडीपी पोर्ट त्यांत येत नाहीत, आणि कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असेल तर त्याची तपासणी वेगळी करावी लागते. राउटर रीसेट केल्यावर यूपीएनपी बरेचदा पुन्हा चालू होतं, म्हणून रीसेटनंतरही ८००० एकदा तपासून घ्यावा.